एकच आजी हवी, तीही वेळेवर : एआय व्हिडिओत पात्राला फ्रेममध्ये आणायचं-न्यायचं कसं?

कोयनाकाठ

मी लहान मुलांच्या गोष्टी रेकॉर्ड करते. आवाज माझा, चित्रं भाचीची. गेल्या दोन महिन्यांपासून ती चित्रं हलती करायचा नाद लागलाय. घरच्या पीसीवर ComfyUI मध्ये Wan 2.2 चालवते (चित्रापासून व्हिडिओ करणारं, १४बी वालं). ग्राफिक्स कार्ड १६ जीबीचं आहे, त्यामुळे क्वांटाइझ केलेली फाइल वापरते आणि स्टेप्स कमी करणारा लोरा लावते, नाहीतर एका क्लिपला रात्र जाते.

अडलंय ते एवढ्याशा शॉटवर. ओसरी आहे, मध्ये झोपाळा, कोपऱ्यात समई आणि उदबत्ती. कॅमेरा स्थिर. माझ्या आवाजात ३.२ सेकंदाला "आणि तेवढ्यात आजी आली" असं येतं. तेव्हा आजी उजवीकडून आत यायला हवी, झोपाळ्यापाशी थांबायला हवी, आणि नंतर डावीकडून निघून जायला हवी. बस्स.

पहिला प्रयत्न : पहिली फ्रेम रिकामी ओसरी, शेवटची फ्रेम झोपाळ्यापाशी उभी आजी, मध्ये ३३ फ्रेम. आजी चालत आलीच नाही. धुरातून प्रकटावी तशी झोपाळ्यापाशी उमटली. भुताची गोष्ट असती तर चाललं असतं.

दुसरा प्रयत्न : आजी आधीच उभी असलेलं चित्र दिलं आणि लिहिलं की म्हातारी बाई डावीकडे निघून जाते, मग म्हातारी बाई उजवीकडून परत येते. पहिली आजी अजून अर्ध्यात होती, तोवर उजवीकडून दुसरी आली. दोघी एकमेकींसमोरून गेल्या. भाची हसून हसून लोळली.

प्रॉम्प्टमध्ये काय लिहू?

जुनाखोड

प्रॉम्प्ट वेळेनुसार तोडा. पहिली तीन सेकंदं ओसरी रिकामी, तीन ते पाच आजी येते, असं सेकंदांसकट लिहायचं. आणि निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये दोन बायका, क्लोन, डुप्लिकेट हे सगळं टाका. मी असंच करतो, माझ्याकडे निम्म्याहून जास्त वेळा जमतं.

बाराखडी

माझाही हाच त्रास, फक्त आजीऐवजी मांजर. मी वर्गणी भरून एक वेबसाइट वापरते, तिथे पहिलं आणि शेवटचं चित्र देता येतं, बाकी काही हातात नाही. मांजर सोफ्यामागे जातं आणि बाहेर येतं ते वेगळंच मांजर. परवा शेपटी आधीच सोफ्याच्या या बाजूला होती आणि मांजर अजून त्या बाजूला. दर वेळी क्रेडिट जातात ते वेगळंच.

रंगपेटी

मी हौशी नाटकवाली, तुमच्यातलं तांत्रिक कळत नाही, पण एन्ट्रीचा प्रश्न आमचाही असतो. नवा नट विंगेच्या अगदी कडेला उभा राहतो आणि क्यू मिळाला की पहिलं पाऊल थेट प्रेक्षकांसमोर टाकतो. मग ते चालणं खोटं दिसतं, ढकलून दिल्यासारखं. आम्ही त्याला विंगेत चार पावलं मागे उभा करतो. तो आत चालायला लागतो आणि रंगमंचावर येईपर्यंत चालीत आलेला असतो. तुमच्या आजीला चार पावलं मागे उभं करता येत नाही का? (प्रश्न चुकला असेल तर सोडून द्या.)

पडद्यामागचा

रंगपेटी, प्रश्न अजिबात चुकलेला नाही. उत्तर तिथेच आहे. मी कंपोझिटिंग करतो, गेलं वर्षभर हे मॉडेलही वापरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कोयनाकाठ यांचे दोन्ही बिघाड वेगळे करू, कारण दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आजी उमटली, कारण तिला यायला वेळच नव्हता. हिशोब करून बघा. Wan चं १४बी मॉडेल सेकंदाला १६ फ्रेम काढतं. ३३ फ्रेम म्हणजे जेमतेम दोन सेकंदं. चित्रात आजी साधारण दीड मीटर उंच धरली आणि ती २७० पिक्सेल दिसत असेल, तर एक मीटर म्हणजे १८० पिक्सेल. उजव्या कडेपासून झोपाळ्यापर्यंत अंग पूर्ण आत येऊन पोचायला तिला अडीच मीटर चालायचंय. म्हातारं माणूस सेकंदाला पाऊण-एक मीटर चालतं, म्हणजे तीनेक सेकंदं, पन्नासेक फ्रेम. तुम्ही तेहतीस दिल्या. दोन्ही टोकं तर पक्की बांधलेली आहेत. मग मॉडेल सगळ्यात सोपा रस्ता घेतं, एका चित्रातून दुसरं उगवतं.

शिवाय पहिल्या फ्रेममध्ये आजीचा मागमूस नाही. ती उजवीकडून येणार की वरून, हे त्या चित्रातून कळायला काहीच नाही. कडेला पदराचं टोक जरी दिसत असतं तरी फरक पडला असता.

दोन आज्या झाल्या त्याचं कारण तुमचं वाक्य. त्यात दोनदा "म्हातारी बाई" आहे. मॉडेलच्या लेखी फ्रेमबाहेर गेलेलं माणूस कुठे तरी थांबून वाट बघत नसतं. "उजवीकडून एक बाई येते" ही त्याच्यासाठी स्वतंत्र मागणी आहे, आणि पहिली गेली की नाही याची वाट न बघता ते ती पुरी करतं. यावर शब्द बदलून बघता येतात, पहिल्यांदा बाई आणि पुढे नुसतं सर्वनाम. थोडं बरं होतं. भरवसा नाही.

जुनाखोड यांचं अर्धं बरोबर आहे. क्रम लिहिला तर क्रम बहुतेक पाळला जातो. सेकंदं पाळली जात नाहीत. ३.२ म्हणजे ३.२ असं प्रॉम्प्टमधून मिळत नाही. निगेटिव्ह प्रॉम्प्टचं म्हणाल, तर कोयनाकाठ, तुमचा सीएफजी, म्हणजे प्रॉम्प्टला किती वजन द्यायचं तो आकडा, किती आहे?

कोयनाकाठ

१ आहे. लोरासोबत तोच ठेवायला सांगितला होता.

पडद्यामागचा

मग तुमचं निगेटिव्ह प्रॉम्प्ट कोणी वाचतच नाहीये. सीएफजी १ असला की ती बाजू गणितातून गळून पडते. त्यात काहीही लिहा, परिणाम शून्य.

जुनाखोड

हां, मी लोरा लावत नाही. वीस स्टेप आणि सीएफजी ३.५. म्हणून माझ्याकडे चालत असेल. पण "अर्धं बरोबर" हे जरा जास्त झालं, पाऊण म्हणा.

पडद्यामागचा

पाऊण मान्य.

आता उपाय. मॉडेलकडून एन्ट्री करूनच घ्यायची नाही. मॉडेलच्या फ्रेममध्ये आजी पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत हजर ठेवायची, आणि प्रेक्षकाची फ्रेम त्याहून लहान कापायची. मॉडेलला वाटतं आजी नुसती चालतेय. आत येणं आणि बाहेर जाणं हे फक्त आपल्या कापलेल्या चौकटीत घडतं. आधीपासून असलेलं माणूस उमटत नाही आणि न गेलेल्या माणसाची दुसरी प्रत होत नाही.

तुमच्या शॉटसाठी आकडे मांडतो. प्रेक्षकाला दिसणारी चौकट ८३२ बाय ४६८. ओसरीचं चित्र दोन्ही बाजूंना ४४८ पिक्सेल वाढवून घ्या, म्हणजे एकूण रुंदी १७२८, उंची ७२०. भाची चित्रकार आहे तर तिच्याकडूनच वाढवून घ्या, ते यंत्राने वाढवण्यापेक्षा बरं. या बाजूच्या पट्ट्या म्हणजे तुमच्या विंगा. तिथे नुसती भिंत आणि जमीन पुरे. खुर्ची, कोनाडा, खिडकी असलं काही ठेवू नका, आजी त्यात रमते.

पहिली क्लिप या मोठ्या चित्राच्या उजव्या १२८० पिक्सेलची. आजी उजव्या विंगेत, मधोमध, डावीकडे तोंड करून, एक पाऊल उचललेलं अशी काढा. नुसती उभी काढलीत तर ती सुरुवातीला उभीच राहते. ८१ फ्रेम घ्या. ते पाच सेकंदं होतात आणि बाहेरून झोपाळ्यापर्यंत यायला साधारण सत्तर फ्रेम लागतील, म्हणजे बेताचं बसतं. फ्रेमची संख्या चाराने भागून एक उरेल अशीच घ्यायची असते, ४९, ६५, ८१ अशी. ८१ च्या फार पुढे मात्र जाऊ नका. लांबवलं की पात्र मागे फिरून पहिल्या जागेकडे जायला लागतं.

प्रॉम्प्ट इतकाच :

```
Static camera on a tripod, fixed framing. The old woman walks
slowly from right to left and stops beside the wooden swing.
```

येते, आत शिरते, प्रकट होते यातलं काही लिहायचं नाही. ती आधीच आत आहे.

मग क्लिप कापायची. चौकट क्लिपच्या डाव्या कडेला येते, म्हणून आडवा आकडा शून्य :

```
ffmpeg -i clip1.mp4 -vf "crop=832:468:0:200" -an clip1_cut.mp4
```

आता तुमचे ३.२ सेकंद. क्लिप बघून पदराचं टोक कितव्या फ्रेमला चौकटीत आलं ते मोजा. समजा विसाव्या. तुम्हाला ते ३.२ गुणिले १६, म्हणजे ५१ व्या फ्रेमला हवंय. तर क्लिपच्या आधी ३१ फ्रेम रिकामी ओसरी लावा. वेळ अशी नेमकी मिळते, एका फ्रेमच्या फरकाने सुद्धा हलवता येते, आणि त्यासाठी पुन्हा व्हिडिओ तयार करावा लागत नाही.

जाण्याची क्लिप दुसरी. तिच्यासाठी मोठ्या चित्राचे डावे १२८० पिक्सेल घ्या आणि त्यावर पहिल्या क्लिपची न कापलेली शेवटची फ्रेम बसवा. दोन्हींचा सामाईक भाग ८३२ रुंदीचाच आहे, त्यामुळे आजी आपोआप जागेवर येते. हीच दुसऱ्या क्लिपची पहिली फ्रेम. आजी झोपाळ्यापासून डाव्या विंगेत चालत जाते आणि ८१ फ्रेम संपेपर्यंत विंगेतच राहते. कापताना आडवा आकडा ४४८.

मठ्ठ_पण_हट्टी

माझ्याकडे ८ जीबीचं कार्ड आहे. १२८० बाय ७२० म्हटल्यावर मशीन रडेल. मोठी फ्रेम ८३२ बाय ४८० ठेवून त्यातून छोटी कापली तर?

पडद्यामागचा

चालेल, पण मग हातात ५४० रुंदीचं चित्र उरतं आणि आजीचा चेहरा बोटाच्या पेराएवढा. चेहरा विस्कटतो. अपस्केल करून रेषा धारदार होते, गेलेला चेहरा परत येत नाही. पात्र पाठमोरं किंवा दूर असेल तर हरकत नाही. नाहीतर विंग एकाच बाजूला ठेवा आणि अरुंद करा. पात्राचं अंग पूर्ण मावेल आणि वर दोन पावलं, एवढी विंग पुरते.

बाराखडी

म्हणजे माझ्या साइटवर मी मांजराचं मोठं चित्र देऊन नंतर मोबाइलवर क्रॉप केलं तरी चालेल? फ्रेम वगैरे न मोजता?

पडद्यामागचा

कडेने जाणाऱ्या-येणाऱ्या मांजरासाठी हो. सोफ्यामागे जाणाऱ्यासाठी नाही, ते फ्रेमच्या मधोमध लपतंय. तिथे मी क्लिप दोन करीन. मांजर सोफ्याआड पूर्ण गेलं की कापा. दुसऱ्या क्लिपच्या पहिल्या चित्रात सोफ्याच्या दुसऱ्या कडेला मांजराचा पुढचा पंजा आणि नाक स्वतः चिकटवा, त्याच मांजराच्या फोटोतून. नाक आणि पंजा दिले की उरलेलं अंग मॉडेल बहुतेक त्याच रंगाचं काढतं. मागच्या भागावर ठिपका असेल तर तो मात्र ते स्वतःच ठरवतं.

बाराखडी

मागच्या पायावरच पांढरा मोजा आहे. नशीब.

कोयनाकाठ

करून बघितलं, सांगते काय झालं ते.

भाचीने विंगा काढून दिल्या. चार वेगवेगळ्या सीडवर पहिली क्लिप काढली. एकीत कॅमेरा आजीसोबत सरकला, सांगूनही. एकीत आजी तीन पावलं चालून विंगेतच वळली आणि भिंतीकडे बघत राहिली. उरलेल्या दोन चांगल्या आल्या, त्यातली एक घेतली. दुसरी आजी चारही क्लिपमध्ये कुठेच नाही! इतके दिवस मी शब्दांशी झटत होते.

माझ्या क्लिपमध्ये पदर २६ व्या फ्रेमला आत आला. म्हणजे आधी २५ रिकाम्या फ्रेम हव्या होत्या. पहिली फ्रेमच गोठवून २५ वेळा लावली तर समईची ज्योत गोठलेली आणि मग एकदम हलायला लागलेली दिसली. म्हणून हुशारी केली. आजी येण्याआधीच्या पंचवीस फ्रेम उलट्या लावल्या आणि मग सुलट. जोड अजिबात कळत नाही. फक्त उदबत्तीचा धूर आधी दीड सेकंद खाली जातो आणि मग वर.

भाचीने तेच पहिलं पकडलं.

रंगपेटी

आमच्याकडे धूर कधीच सांगितलेल्या दिशेला जात नाही, तुमचं बरंच म्हणायचं.

पडद्यामागचा

धूर, पाणी, पडणारी पानं, असल्या गोष्टी असल्या की उलटं चालवायचं नाही. रिकाम्या ओसरीची एक वेगळी क्लिप काढून ठेवा, दोन्ही विंगांमध्ये कोणी नाही अशी. तिला आम्ही प्लेट म्हणतो. ती एकदा असली की आधीची वेळ भरायला, नंतरची वेळ भरायला, कुठेही उपयोगी पडते.

एक अडचण येईल ती आधीच सांगतो. प्लेट आणि आजीची क्लिप यांचा रंग तंतोतंत जुळत नाही. भिंत एकीत किंचित पिवळी, दुसरीत किंचित फिकी. थेट जोडलं तर आजी यायच्या आधी भिंत डोळा मारते आणि प्रेक्षकाला कळतं की काही तरी होणार. आजी चौकटीत यायच्या आधी सात-आठ फ्रेममध्ये एक क्लिप दुसरीत विरघळवा. तेव्हा दोन्हींत चौकट रिकामी असते, त्यामुळे दोन प्रती दिसण्याचा प्रश्न नाही. आजी अर्धी आत असताना मात्र विरघळवलंत तर अर्धी पारदर्शक आजी दिसेल, म्हणजे परत भूत.

कॅमेरा सरकतो की नाही हे डोळ्याने ठरवू नका. झोपाळ्याची कडी किंवा खांबाची कड यावर पडद्यावर कागदाचा तुकडा चिकटवा आणि क्लिप पहिल्यापासून शेवटपर्यंत ओढा. दोन पिक्सेल सरकलं तर संपादनात स्थिर करता येतं. त्याहून जास्त असेल तर सीड बदला, त्याच्याशी भांडत बसू नका.

जुनाखोड

एक शंका. एवढं सगळं करण्यापेक्षा Wan च्याच VACE मध्ये हव्या त्या जागी हव्या त्या फ्रेम ठेवता येतात ना? ५१ व्या फ्रेमला कडेला अर्धी आजी, ८० व्याला झोपाळ्यापाशी. बाकीच्या राखाडी फ्रेम, मास्क पांढरा, आणि जिथे आपलं चित्र ठेवायचं तिथे मास्क काळा. मी दोन-तीनदा केलंय.

पडद्यामागचा

येतं, आणि काही शॉट्सना तेच बरं. पण तुमची ती अर्धी आजी बरोबर काढावी लागते, पाऊल जमिनीवर, सावली योग्य बाजूला. दुसरं, चार फ्रेमचा एक गठ्ठा करून ते आत साठवलं जातं. सुटी एकच फ्रेम मध्ये खोचली की ती आजूबाजूच्या तीन फ्रेमसोबत मिसळते आणि तिथे एक झटका दिसतो. गठ्ठ्यातल्या चारही फ्रेम दिल्या तर झटका कमी. म्हणजे चार फ्रेम चालणारी आजी तुम्हाला हाताने काढायची.

आणि मघाचा हिशोब तिथेही सुटत नाही. ५१ ते ८० म्हणजे २९ फ्रेम, पावणेदोन सेकंदं. तेवढ्यात आजी झोपाळ्यापर्यंत पोचत नाही. कडेची आजी तिथेच राहील आणि झोपाळ्यापाशी दुसरी उमटेल.

जुनाखोड

हे झालंय माझ्याकडे! मला वाटायचं मास्क चुकला.

पडद्यामागचा

कोणतं कारण आहे ते ओळखायची सोपी खूण सांगतो. एकेक फ्रेम पुढे ढकलत दोघी पहिल्यांदा एकत्र कुठे दिसतात तिथे थांबा. दुसरी पारदर्शकपणे उमटत असेल तर वेळ आणि अंतर जुळत नाही, फ्रेम वाढवा किंवा अंतर कमी करा. दुसरी कडेने नीट चालत येत असेल तर मॉडेलने दोन माणसं मागितली असं समजलंय, तेव्हा वाक्य तपासा. आणि रेफरन्स म्हणून पात्राचं वेगळं चित्र जोडलं असेल तर तेही काढून बघा. पात्र पहिल्या फ्रेममध्ये आहेच, वर रेफरन्सही दिला, की कधी कधी रेफरन्समधली बाई स्वतंत्रपणे येऊन उभी राहते.

मठ्ठ_पण_हट्टी

हे सगळं ब्लेंडरमध्ये केलं असतं तर आजी दोन झाल्याच नसत्या. तिथे वस्तू एकच असते.

कोयनाकाठ

झाल्या नसत्या, पण मला ब्लेंडर यायला तीन वर्षं लागतील आणि भाची तोवर बारावीला जाईल. तिला चित्रं तिचीच हलायला हवीत.

जाण्याची क्लिप झाली. दुसऱ्या क्लिपच्या पहिल्या फ्रेमला डाव्या विंगेच्या जोडावर उभी रेघ दिसत होती, पहिल्या क्लिपचा रंग थोडा उतरला होता म्हणून. आजी त्या रेघेपाशी येऊन थांबायची, जणू तिथे काच आहे. जोड चाळीस पिक्सेल मऊ केला आणि मग ती सरळ निघून गेली. पदराचं शेवटचं टोक ५५ व्या फ्रेमला चौकटीबाहेर. त्यानंतर प्लेट.

एकच खटकतंय. आजी गेल्यावर तिची सावली अजून जमिनीवर दोन-तीन फ्रेम रेंगाळते आणि प्लेट सुरू झाली की पटकन नाहीशी होते.

पडद्यामागचा

सावली जाईपर्यंत क्लिप चालू द्या. अंग गेलं म्हणजे पात्र गेलं असं नाही. आणखी दहा-बारा फ्रेम थांबून मग विरघळवा. येतानाही तेच, उजेड मागून असेल तर सावली पदराच्या आधी आत येते. ३.२ ला नक्की काय यायला हवं, पदर की सावली, ते तुम्ही ठरवा. मी असतो तर सावली थोडी आधी येऊ दिली असती आणि "आली" या शब्दावर चेहरा.

कोयनाकाठ

आत्ता पदरावर ठेवलं होतं. चेहऱ्यावर ठेवून ऐकलं. चार फ्रेम मागे सरकवलं फक्त. फारच बरं वाटतं, आधी मला वाटत होतं माझा आवाजच उशिरा येतोय.

आता पुढचा शॉट. आजी माजघराच्या दारातून येते. दार फ्रेमच्या मधोमध, मागच्या भिंतीत. तिथे विंग कुठून आणू?

जुनाखोड

दार बंद ठेवा, ते उघडून ती येते. वाक्यात लिहा.

पडद्यामागचा

दाराचं पान उघडताना बहुतेक वेळा मोडतं, कधी आजी पानाच्या आरपार येते. दार उघडं ठेवा आणि आतला अंधार हीच विंग समजा. पहिल्या चित्रात आजी माजघरात उभीच आहे, पण इतकी अंधारात की फक्त साडीचा काठ अंदाजाने दिसावा. क्लिपमध्ये ती उजेडात चालत येते. क्यू येईपर्यंत तेवढ्या दारावर मास्क लावून रिकाम्या प्लेटचा अंधार ठेवा आणि अंधारातल्या अंधारात विरघळवा. काळ्यातून काळ्यात जाणारं कोणाच्या लक्षात येत नाही.

परत जाणं मात्र मला नीट जमलेलं नाही. पाठमोरी आजी अंधारात शिरताना मॉडेल तिला आवर्जून उजळ ठेवतं, चेहरा इकडे वळवतं, किंवा दारातच लहान लहान करत नेतं, बाहुलीसारखी. दहातल्या दोन-तीन क्लिप कामाच्या निघतात. कोणाला याहून बरं काही सापडलं असेल तर मलाही हवंय.

बाराखडी

येतानाची क्लिपच उलटी लावली तर? आजी पाठीमागे चालत आत जाते.

रंगपेटी

नको गं, पाठीमागे चालणारी आजी म्हणजे पुन्हा भूत.

मठ्ठ_पण_हट्टी

पण तिथे आजीऐवजी मांजर असतं तर? मांजरं मागे मागे जातात ना, काही तरी बघून.

बाराखडी

जातात. आज रात्री करून बघते, क्रेडिट उरलीत अकरा.

कोयनाकाठ

मी दाराचं येणं उद्या करते. जाणं तूर्त टाळलंय, गोष्टीत एक वाक्य बदललं : आजी झोपाळ्यावर बसली. बसताना तिसरा हात येतोय, पण तो वेगळा धागा काढते.